निबंधात ‘नेव्हर हॅव आय सीन’ लिहावं का?

मृण्मयी: आयईएल्टीएस रायटिंगमध्ये मी ६.५ वर अडकले आहे, ८ हवेत. क्लासमध्ये ‘नेव्हर हॅव आय सीन’, ‘नॉट ओन्ली डझ’ अशा उलट्या वाक्यांची, म्हणजे कर्त्याआधी क्रियापद येणाऱ्या वाक्यांची, यादी दिली आहे, टास्क २ च्या निबंधात किमान तीन घालायला सांगतात. याने गुण वाढतात का?

अभिजित: बिनधास्त घाल. चार निकषांपैकी एक ग्रामरचा, म्हणजे पाव गुण तिथे. वरच्या बँडला ‘वाइड रेंज ऑफ स्ट्रक्चर्स’ मागतात. मी प्रत्येक निबंधात दोन-तीन घालायचो, मला ७.५ मिळाले.

वसुधा: अभिजित, रेंज मागतात हे खरं, पण निकषांत उलट्या वाक्याचं नावही नाही. नेमकं रिलेटिव्ह क्लॉज, नीट बांधलेलं ‘इफ’चं वाक्य, हेही रेंजमध्येच येतं. आणि त्याच निकषात अचूकताही मोजतात. ८ साठी बहुतेक वाक्यं बिनचूक लागतात.

मृण्मयी, यादीतलं वाक्य कुठे बसतं ते बघ. समज, विषय शहरातल्या पाण्याचा आहे. तू लिहिलंस की नगरपालिकेने कित्येक वर्षं जाहिराती केल्या, काही फरक पडला नाही. वाचणारा आता विचारतोय, मग फरक पडला कधी? इथे लिही: ‘ओन्ली व्हेन वॉटर वॉज मीटर्ड डिड फॅमिलीज बिगिन टु रिपेअर देअर टॅप्स.’ मराठीत आपण ‘मीटर बसले तेव्हाच’ म्हणतो, त्या ‘च’चं काम इथे ही रचना करते. हेच वाक्य परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत टाकलं तर तो ‘च’ कशावर द्यायचा? आधी काहीच घडलेलं नाही.

आता चूक कुठे होते ते. मुलं पहिला तुकडा उलटा करतात, ‘ओन्ली व्हेन वॉज वॉटर मीटर्ड’. तो सरळच राहतो, उलटापालट दुसऱ्या तुकड्यात होते. आणि ‘डिड’ आला की ‘बिगॅन’चं ‘बिगिन’ होतं. घाईत हे दोन्ही सुटतं, आणि वजन द्यायला घेतलेलं वाक्यच चुकीचं म्हणून डोळ्यात भरतं.

अभिजित: पण केंब्रिजच्या सी१ परीक्षेत तर हे थेट विचारतात. म्हणजे वरच्या पातळीची खूण आहेच ना?

वसुधा: तिथे ‘यूज ऑफ इंग्लिश’च्या चौथ्या भागात एक शब्द देऊन तीन ते सहा शब्दांत वाक्य बदलायला सांगतात. त्यात ही रचना येऊ शकते, आणि आली की लिहावीच लागते. निबंधात तुला कोणी मागितलेली नसते.

रोहिणीची आई: माझ्या मुलीने ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ लिहिलं तर शाळेत चूक दिली. मग इथे उलटं लिहिणं बरोबर कसं?

वसुधा: ताई, तो वेगळा प्रकार. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की सरळ होतो, ‘व्हेअर ही इज’. शाळेचं बरोबर आहे. इथे नकाराचा किंवा ‘ओन्ली’चा तुकडा वाक्याच्या तोंडाशी आणला म्हणून क्रियापद पुढे येतं.

प्रसाद (तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो): वसुधाताई, परीक्षेपुरतं तुमचं पटतं. पण माझी मुलं सक्ती केल्याशिवाय ही रचना हातातच घेत नाहीत. महिनाभर प्रत्येक निबंधात तीन लिहून घेतो, मग एकावर आणतो. आधी कमीच वापरा म्हटलं तर ती शून्यावर थांबतात.

वसुधा: सरावात तीन लिहून घ्या सर, पण तो निबंध तपासून गुण देऊ नका. त्या तीनची सवय परीक्षेत तशीच उतरते. मी असे निबंध पाहिलेत, तीन परिच्छेद, तिन्हींची सुरुवात ‘नॉट ओन्ली’ने.

प्रसाद: गुण नाही दिले तर लिहीत नाहीत, माझी अडचण तीच आहे.

मृण्मयी: ‘नेव्हर हॅव आय सीन सच पोल्यूशन’ मी दोन निबंधांत लिहिलं होतं. स्वतःचा अनुभव म्हणून काढायचं का?

वसुधा: अनुभव चालतो, प्रश्नपत्रिकेतच स्वतःच्या अनुभवातली उदाहरणं द्या असं असतं. पण ‘असं प्रदूषण कधी पाहिलं नाही’ यातून काय सिद्ध झालं? कुठली नदी, कधी, काय दिसलं, हे लिहिलंस तर ते उदाहरण होतं. दोन निबंधांत तेच वाक्य आलं, म्हणजे ते पाठांतर आहे, आणि परीक्षकाला पाठ केलेलं ओळखू येतं.

मृण्मयी: आज हे लिहिलं: ‘ओन्ली अ फ्यू पीपल डू सपोर्ट धिस आयडिया.’ बरोबर?

प्रसाद: ‘डू’ काढ. इथे ‘ओन्ली अ फ्यू पीपल’ हाच कर्ता आहे, त्याच्या आधी काही आणलेलंच नाही, मग उलटायचं काय? ‘ओन्ली अ फ्यू पीपल सपोर्ट धिस आयडिया.’