लेव्हल लूपला पीबी 40 दाखवायचा की गेन 2.5?

नवा_पॅनेल: कंडेन्सेट टाकीचा जुना न्यूमॅटिक कंट्रोलर काढून लूप डीसीएसवर घेतोय. जुन्या डायलवर पीबी 40 होता, नव्या सिस्टिमला GAIN लागतो, म्हणून 2.5 टाकला. ट्रान्समीटरही बदललाय. आधीचा 0 ते 2 मीटर होता, आता रडार आहे, 0 ते 3 मीटर. पॅनेलवरचे मामा म्हणतात, "आम्हाला पीबीच दाखवा." मला वाटतं आता गेनचीच सवय लावावी. तुमचं काय मत?

लूपवाला: गेनच ठेव. पीबी उलटा चालतो, हाच त्याचा मोठा दोष. 500 वरून 400 केलं तर लूपला फारसं कळत नाही, आणि 10 वरून 5 केलं की जोर दुप्पट होतो. गेनमध्ये दुप्पट म्हणजे दुप्पट. प्रोसेसचा गेन आणि कंट्रोलरचा गेन यांचा सरळ गुणाकार केला की लूप कुठे आहे ते कळतं. आणि पीबी ही जुन्या जाणत्यांची भाषा असं जे म्हणतात, त्यांनी झीगलर आणि निकोल्स यांचा 1942 चा पेपर बघावा. दोघं टेलर इन्स्ट्रुमेंट्सचे, काम न्यूमॅटिक कंट्रोलरवरच, तरी त्यांनी हिशोब सेन्सिटिव्हिटीत मांडलाय. पेन एक इंच हललं की आउटपुट किती पीएसआय बदलतं, ते. म्हणजे गेनच.

फ्लॅपर_नॉझल: पेपरचं बरोबर आहे. पण तो पेपर ट्यूनिंग करणाऱ्यासाठी होता, रात्रपाळीत टाकीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी नव्हे. मी 30 वर्षं अशा कंट्रोलरची झाकणं उघडलीत. आत सिग्नल एकच, 3 ते 15 पीएसआय. लेव्हल असो, तापमान असो, व्हॉल्व्हला जाणारी हवा असो, सगळं त्याच 12 पीएसआयमध्ये बसवलेलं. मीटर, अंश, टन यातलं काहीच त्या पेटीला माहीत नसायचं. म्हणून टक्का हीच तिची आणि माणसाची सामायिक भाषा.

आता तुझी टाकी घे. सेटपॉइंट 50, पीबी 40, आणि समज रिसेट बंद आहे, आउटपुट मध्यावर बसवलेलं. लेव्हल 30 टक्क्यांवर आली की आउटलेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद, 70 ला पूर्ण उघडा. मामा स्केलकडे बघतात आणि त्यांना या दोन रेघा दिसतात. लेव्हल 65 ला चढली तर व्हॉल्व्हच्या हातात आता फार काही उरलं नाही, हे त्यांना आकडेमोड न करता कळतं. 2.5 या आकड्यातून त्यांना हे कुठे दिसणार?

पण तुझी खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तू शेवटी जाता जाता लिहिलीस. 2 मीटरचे 40 टक्के म्हणजे 80 सेंटिमीटर. एवढ्या चढउतारात व्हॉल्व्ह पूर्ण फिरायचा. आता स्पॅन 3 मीटर, 2.5 गेन म्हणजे तोच 40 टक्के, म्हणजे 1 मीटर 20 सेंटिमीटर. लूप दीडपट ढिला झालाय. जुनी वागणूक हवी असेल तर पीबी 26.7, म्हणजे गेन 3.75 टाक.

पीएलसी_रात्रपाळी: म्हणूनच तर गेन बरा, काका. गेनचा स्पॅनशी संबंध नसतो. मी ट्रान्समीटरची रेंज बदलली तेव्हा ट्यूनिंगला हात लावला नव्हता, लूप तसाच चालला.

फ्लॅपर_नॉझल: तुझ्या ब्लॉकमध्ये एरर थेट मीटरमध्ये जात असेल, म्हणून तसं झालं. तिथे गेन म्हणजे एका मीटरला इतके टक्के आउटपुट. असा ब्लॉक स्पॅन विचारत नाही, हे खरं. पण बहुतेक डीसीएस ब्लॉक आधी पीव्ही टक्क्यात घेतात, आणि तिथला गेन स्पॅनला तितकाच बांधलेला असतो जितका पीबी. तेव्हा भांडण पीबी की गेन हे नाहीच. एरर टक्क्यात मोजली जाते की मीटरमध्ये, एवढंच मॅन्युअलमध्ये शोधायचं.

पीएलसी_रात्रपाळी: बघितलं. आमचा खरोखर मीटरमध्येच घेतो. सगळीकडे तसंच असेल असं धरून चाललो होतो.

बॅरल_हीटर: आमच्या एक्स्ट्रूडरवर ओम्रॉनचे छोटे कंट्रोलर आहेत, P ची मूळ किंमत 8.0. तुमच्या हिशोबाने गेन 12.5 झाला. इतका जास्त असूनही तापमान स्थिर कसं राहतं?

फ्लॅपर_नॉझल: दादा, ते 8 टक्के नव्हेत, 8 अंश सेल्सिअस आहेत. तिथे पीबी थेट अंशांत देतात, स्पॅन मध्ये येतच नाही. तुमच्या कंट्रोलरला 100 भागिले पीबी लावूच नका.

शिफ्ट_बी: माझा मुद्दा वेगळा आहे. एका प्लांटमध्ये मी शिफ्ट इनचार्ज होते. अर्ध्या लूपवर पीबी, अर्ध्यावर गेन. रात्री फ्लो हंट करायला लागला. फोनवर सांगणाऱ्याच्या डोक्यात पीबी होता, तो म्हणाला, "पी वाढव." माझ्यासमोरच्या स्क्रीनवर गेन होता. मी तो 0.8 वरून 1.6 केला. व्हॉल्व्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपटायला लागला, मॅन्युअलला घेऊन सावरला. तेव्हापासून मी "वाढव" आणि "कमी कर" हे शब्दच वापरत नाही. "ढिला कर" नाहीतर "कडक कर" म्हणते. काहीही निवडा, पण एका पॅनेलवर दोन्ही ठेवू नका.

लूपवाला: हे पटलं. आणि काकांच्या दोन रेघांबद्दल एक सांगतो. 30 आणि 70 फक्त रिसेट बंद असताना. रिसेट चालू झाला की तो पट्टा स्केलवर सरकत राहतो. लोड वाढलेला असेल तर 50 लाच व्हॉल्व्ह 80 टक्के उघडा असेल आणि वरची रेघ 58 वर आलेली असेल. मामांना 70 ची सवय असेल तर ते फसतील.

फ्लॅपर_नॉझल: मान्य. पट्ट्याची रुंदी 40 च राहते, जागा बदलते. जुने ऑपरेटर व्हॉल्व्हचं पोझिशन आणि लेव्हल एकत्र बघून ती जागा मनात धरायचे. तेवढी नजर सगळ्यांकडे असते असं मी म्हणत नाही.

नवा_पॅनेल: म्हणजे 3.75 टाकू?

फ्लॅपर_नॉझल: थांब. डायलवरच्या 40 वर विश्वास ठेवू नकोस. लिंकेज झिजलेलं असतं, डायल 40 दाखवतो आणि पेटी 55 ने चालते. जुना कंट्रोलर अजून बाकावर असेल तर त्याला हवा दे, रिसेट पूर्ण बंद कर, पीव्ही आणि सेटपॉइंट जुळवून आउटपुट मध्यावर आण. मग पीव्ही 4 टक्के हलव. आउटपुट 10 टक्के हललं तर पीबी 40. सातच हललं तर खरा पीबी 57 च्या आसपास.

नवा_पॅनेल: करून बघितलं. चाराला साडेसात हललं, दोन्ही दिशांना जवळपास तेवढंच. म्हणजे पीबी 53. 2 मीटरवर 1 मीटर 6 सेंटिमीटर, 3 मीटरवर साधारण 35.5 टक्के. गेन 2.8 टाकलाय. मामांच्या स्क्रीनवर पीबी दाखवणारा एक आकडा जोडला, बदलायची सोय मात्र गेनलाच.

शिफ्ट_बी: दोन आकडे एकाच स्क्रीनवर. मी याच्या विरोधात आहे. रात्री कुणीतरी त्यातला चुकीचा वाचेल.

लूपवाला: मीही. पण मामांना विचारून ठरव, लूप त्यांच्यासमोर चालणार आहे.