कोकणात शाळेच्या पोराला गिअरची सायकल: हवी की नको?

खाडीकाठचा
शाळकरी पोरांना गिअरच्या सायकली घेऊन देणाऱ्यांनो, आधी दोन पावसाळे काढा आणि मग बोला. खाऱ्या हवेत तार गंजते, गिअर अडकतो, चेन पडते. माझा मुलगा यंदा आठवीत. शाळा ५ किलोमीटर, मधे सड्याची चढण, शेवटचा तुकडा लाल मातीचा. मी बिनगिअरचीच घेणार. आम्ही चढणीला उतरून ढकलत न्यायचो, काय बिघडलं आमचं?

पान्हा_१५
काय बिघडलं ते सांगतो, कारण दुकानात असल्या सायकली माझ्याच हातात येतात. साध्या सायकलीला पुढे ४४ दात्यांची चकती आणि मागे १८ ची फ्रीविल असते. २६ च्या चाकावर पायडलची एक फेरी मारली की सायकल ५ मीटर पुढे जाते. सपाटीला हे झकास आहे. पण सड्याच्या चढणीला पोराला ताशी सहा किलोमीटरच जमत असेल, तर मिनिटाला वीसच फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक फेरीला पायडलवर उभं राहून सगळं अंग टाकायचं. पाठीवर दप्तर, अंगावर रेनकोट. सायकल डावी-उजवी हलते आणि मागून एसटी येत असते. मागे सात गिअर असले आणि पुढे ३८ ची एकच चकती असली, तर सगळ्यात हलक्या गिअरला फेरीमागे पावणेतीन-तीन मीटरच जातं. तीच चढण, तोच वेग, पण पोरगा बसून, सरळ रेषेत चढतो. ढकलत न्यायला माझी ना नाही, पण अरुंद रस्त्यावर कडेला गटार असताना सायकल धरून चालणारं पोरही वाटेतच असतं, हे विसरू नका.

खाडीकाठचा
हिशोब कळला. गंजाचं काय? त्यावर चकार शब्द नाही.

पान्हा_१५
गंजतं, मान्य. पण आधी कुठे गंजतं ते बघा. मागच्या गिअरला जाणाऱ्या तारेचं शेवटचं वळण असतं ना, चाकाजवळ, पाणी तिथे साचतं. ओळखायची खूण अशी: अंगठ्याने दाबून हलका गिअर नीट पडतो, पण परत जड गिअरला येताना वेळ लागतो. कारण जाताना तार तुम्ही ओढता, येताना तिला स्प्रिंगने ओढायचं असतं, आणि गंजलेल्या आवरणात स्प्रिंगचा जोर पुरत नाही. अशी खूण दिसली की आतली तार आणि तो शेवटचा आवरणाचा तुकडा बदलायचा. तार स्टेनलेसची घ्यायची. पूर्ण गिअर बदलायला सांगणारा दुकानदार तुम्हाला फसवतो.

मालवणी_बाय
माझ्या झिलाक गिअरची घेवन दिलंय. पावसात चेन पडता आणि पोर काळे हात घेवन घराक येता. पुढे तीन, मागे सात, एकवीस गिअर! इतके करतंत काय?

पान्हा_१५
बाय, एकवीस नकोतच. पुढच्या तीन चकत्यांमुळेच चेन जास्त पडते, आणि पोरं पुढची चकती भर चढणीत, जोर लावतानाच बदलतात. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी, पाय हलका ठेवून बदलायचा. तेवढं पोराला शिकवा. आणि पुढे स्प्रिंगवाला फोर्क असेल तर तो आतून गंजला का बघा. दप्तर पाठीवर असताना त्या स्प्रिंगची गरजच नाही.

सड्यावरची
गिअर राहू द्या बाजूला. चढण आहे म्हणजे उतारही आहे, आणि मोडतात ते उतारावर. माझा भाचा पावसात वळणावर चिऱ्याच्या गडग्यावर आदळला. ब्रेक दोन्ही दाबले होते, थांबलीच नाही. गिअरवर एवढी चर्चा आणि ब्रेकवर एक ओळ नाही?

खाडीकाठचा
तेच तर! म्हणून मी पुढचा ब्रेक काढूनच टाकतो. पुढचा दाबला की पोरगा हँडलवरून उडतो.

सड्यावरची
काय बोलताय तुम्ही! पुढचा ब्रेक काढून पोराला उतारावर सोडता? एका मागच्या ब्रेकवर सायकल थांबते का कधी?

खाडीकाठचा
आवाज खाली. आम्ही अख्खं बालपण मागच्या ब्रेकवर काढलंय.

पान्हा_१५
बाई बरोबर आहेत. उतारावर सायकलीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून मागचा जोरात दाबला की चाक अडकून घसरतं, सायकल थांबत नाही. थांबवतो तो पुढचाच. पोरं उडतात ती तो झटक्यात दाबल्यामुळे, हे खरं. तर दोन्ही एकत्र, हळूहळू दाबायचे, तेही वळणाच्या आधी. मोकळ्या मैदानात शिकवा, अर्ध्या तासाचं काम आहे.
भाच्याच्या सायकलीची रिम चकचकीत लोखंडी होती का? ओल्या लोखंडी रिमवर रबर साबणासारखं घसरतं. अॅल्युमिनियमची रिम ओली असतानाही बरी धरते. मात्र लाल माती रिमला लागली की रबरात खडे रुततात आणि रिम घासून खातात. करकर आवाज आला की रबर काढून सुईने खडे उपसायचे.

सड्यावरची
लोखंडीच होती. दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नाही.

निवृत्त_गुरुजी
विषय बदलतो. सगळ्या सायकली शाळेच्या पडवीत एकमेकींवर रचलेल्या असतात. एक पडली की सात पडतात. आमच्या शाळेत नवी गिअरची सायकल आणलेल्या मुलीचा मागचा गिअर आत वाकला, घरी निघताना हलका गिअर टाकला आणि तो थेट चाकाच्या तारांत गेला. मुलीला खरचटण्यावर निभावलं, पण चाक आणि गिअर दोन्ही गेले. यावर उपाय सांगा, नाहीतर साधीच बरी.

पान्हा_१५
गुरुजी, हा मुद्दा माझ्याविरुद्ध जातो आणि तो खरा आहे. साध्या सायकलीला वाकण्यासारखं तिथे काहीच नसतं. सायकल उजव्या बाजूला पडली की निघण्याआधी मागून बघायचं: गिअरची छोटी चाकं वरच्या दात्यांच्या सरळ खाली हवीत. तिरकी दिसली तर सगळ्यात हलका गिअर टाकायचाच नाही. पण आठवीतलं पोर रोज हे बघेल का, मी छातीठोक सांगू शकत नाही.

खाडीकाठचा
आता आलात लाईनवर.

पान्हा_१५
पूर्ण नाही. तुम्हाला बिनगिअरचीच घ्यायची असेल तर १८ ची फ्रीविल काढून २२ ची बसवा. फेरीमागे पाच मीटरचे चार मीटर होतील. सपाटीला पोरगा थोडा मागे पडेल, मित्र पुढे जातील, पण कमी चढावर उतरावं लागणार नाही. चाक फटीत अर्धा इंच पुढे सरकलं तर जुनीच चेन चालते, नाहीतर एक इंच जोडावी लागते. ही फ्रीविल महाग नसते. सड्याच्या उभ्या चढणीला मात्र तीही पुरणार नाही.

खाडीकाठचा
२२ ची मिळाली तर बसवतो. गिअर नाही म्हणजे नाही. आणि हो, पुढचा ब्रेक लावतो परत. बाईंच्या ओरडण्यामुळे नव्हे, वजनाचं ते पटलं म्हणून.

सड्यावरची
कशानेही पटो, लावा. आणि रिमही बदला.

मालवणी_बाय
माझ्या झिलाच्या पुढच्या दोन चकत्यो काढून टाकूक येतंत काय ता कोण सांगात?

पान्हा_१५
बाय, चकत्या स्क्रूने लावलेल्या असतील तर येतात, रिव्हेट असेल तर नाही. आधी फोटो टाका.