एका कळलावीच्या फोटोवरून: कूळ, प्रजाती, जाती ठरते तरी कशी?

पन्हाळ्याची_वाट
मसाई पठारावरून उतरताना कुंपणाच्या जाळीत हे फूल दिसलं. मान खाली घातलेली, सहा पाकळ्या उलट्या वर फिरलेल्या, टोकाला लाल आणि बुडाशी पिवळ्या. फोटो एकच आहे. आमच्यातल्या एकानं कूळ लिलिएसी सांगितलं, दुसऱ्यानं कोल्चिकेसी. आई म्हणाली कळलावी, वाटेत भेटलेले आजोबा म्हणाले बचनाग. कळलावी म्हटलं की सगळ्यांना कळतंय, मग वर हे कूळ, प्रजाती, जातीचं ओझं कशाला? आणि जाणत्यांचंच कुळावर एकमत नसेल तर ते मानायचं तरी का?

जुना_बीएस्सी
लिलिएसी. यात वाद नको. बेंथम आणि हुकर यांच्या पद्धतीनं आम्ही शिकलो आणि पुढं तीस वर्षं तेच शिकवलं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, अंडाशय पाकळ्यांच्या वर आणि त्यात तीन कप्पे. तुमच्या फोटोत यातलं जवळजवळ सगळं दिसतंय. अजून कित्येक ठिकाणी वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं याच क्रमानं लावलेली आहेत. दर काही वर्षांनी कूळ बदलायचं म्हणजे पोरांनी पाठ तरी काय करायचं?

कातळसडा
सर, तुम्ही खुणा बरोबर वाचल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की त्या खुणांवरून ते कूळ ठरत नाही.

फोटो मोठा करून बघा. हिरवा निदलपुंज कुठंच नाही. बाहेरच्या तीन आणि आतल्या तीन पाकळ्या सारख्याच आहेत. तीनाच्या पटीतली ही मांडणी दिसली की झाड एकदल गटातलं असावं, असा पहिला अंदाज बांधता येतो. पाकळ्या मागं वळल्यामुळं मधला हिरवा अंडाशय पुढं लोंबताना दिसतो. नागदवण्याचं फूल घेतलंत तर हाच फुगीर भाग पाकळ्यांच्या मागं, देठाकडं सापडेल. म्हणजे नागदवण्याचं कूळ बाद. इथपर्यंत आपण दोघं बरोबर आहोत.

पण याच खुणांवर जुन्या लिलिएसीत कांदा होता, कोरफड होती, शतावरी होती आणि कळलावीही होती. सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर ही एकदल फुलांची जुनी, सर्वसाधारण घडण आहे. ती जवळच्या नात्याचा पुरावा होत नाही. 1753 मध्ये लिनियसनं या झाडाला ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिलं, तेव्हा त्याची वर्गवारी पुंकेसर मोजण्यावर चालायची. त्या हिशोबानं कळलावी सहा पुंकेसरांच्या वर्गात गेली आणि भातही त्याच वर्गात. भाताच्या फुलात सहाच पुंकेसर असतात, आजऱ्याच्या घनसाळाचं फूल उघडून मोजा. म्हणून काय कळलावी आणि भात भाऊबंद झाले?

डीएनए वाचता आल्यावर नाती नव्यानं तपासली गेली. 1998 मध्ये एपीजी नावाच्या गटानं त्या आधारावर कुळांची पहिली यादी काढली, त्यात जुनी लिलिएसी फुटली. कांदा, कोरफड आणि शतावरी वेगवेगळ्या कुळांत गेल्या, कळलावी कोल्चिकेसीत गेली. याची चुणूक रसायनात आधीच दिसत होती. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. ते याच कुळातल्या कोल्चिकममध्ये सापडतं, ज्याचा एक कंद युनानी दुकानात सुरंजान म्हणून मिळतो. आपल्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या इफिजेनियातही ते सापडतं. कांद्यात नाही. कूळ बरोबर लागलं की न तपासलेल्या झाडाच्या पोटात काय असेल याचा अंदाज येतो. मला कुळाची किंमत वाटते ती यासाठी.

शाहूवाडीचा_शेतकरी
आमच्या बांधावर हाय की ही. खड्यानाग म्हणत्यात. घरात आणली तर भांडणं लागत्यात, म्हणून म्हातारी उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई. गेल्या साली एकजण बचनागाचं कंद पायजेत म्हणून विचारत आला हुता, किलोवर पैसं देतो म्हणाला. ती हीच का? आणि शेरडं हिचा पाला खात्यात, त्याला काय करायचं?

कातळसडा
दादा, म्हणूनच नुसत्या बोलीनावावर थांबता येत नाही. बचनाग हे नाव दोन झाडांना चालतं. एक तुमच्या बांधावरची कळलावी. दुसरं हिमालयातलं वत्सनाभ, म्हणजे ॲकोनिटम, मोरवेलीच्या कुळातलं. दोन्ही जहाल, पण विष वेगळं. वत्सनाभ हृदयाचे ठोके बिघडवतं. कळलावीचं कोल्चिसीन पेशींचं विभाजन थांबवतं, आधी उलट्या-जुलाब होतात आणि काही दिवसांनी रक्तपेशी कमी होतात. डॉक्टरांना नुसतं बचनाग सांगितलंत तर ते कशाची तयारी करणार? त्या माणसाला कुठलं हवं होतं ते कळल्याशिवाय कंद देऊ नका. शेरडं तिकडं सोडू नका आणि खाल्लं असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना ‘ग्लोरिओसा’ म्हणून सांगा.

गच्चीवरची_बाग
माझ्याकडं नर्सरीतून आणलेली दोन रोपं आहेत. एकावर ‘रॉथ्सचिल्डियाना’ लिहिलंय, त्याच्या पाकळ्या गडद लाल आणि कमी नागमोडी आहेत. दुसरं पिवळं. फोटोतलं दोन्हींच्या मधलं दिसतंय, म्हणजे ही तिसरी प्रजाती झाली ना?

कातळसडा
आधी शब्दाचं बघू. वर्तमानपत्रं स्पीशीजला प्रजाती म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत जीनस म्हणजे प्रजाती किंवा वंश आणि स्पीशीज म्हणजे जाती. ग्लोरिओसा ही प्रजाती, सुपर्बा जोडून जाती.

प्रजाती या फोटोवरून पक्की होते. अंडाशयाच्या टोकाशी कुक्षिवृंत जवळजवळ काटकोनात एका बाजूला मोडलाय, जणू कुणी दुमडून ठेवलाय. ती मोड आणि पूर्ण मागं वळलेल्या पाकळ्या एकत्र दिसल्या की मला दुसरं काही आठवत नाही. पानाचं टोक फोटोत आलं असतं तर आणखी बरं. ते ताणव्यासारखं गुंडाळतं आणि त्याच्याच आधारानं वेल चढते.

रंगावर मात्र जाऊ नका. हेच फूल उमलताना हिरवट पिवळं असतं आणि काही दिवसांत लाल होत जातं. जातीचं नाव मी देतो ते फोटो आणि ठिकाण मिळून. आपल्या डोंगरात रानात ही एकच ग्लोरिओसा आहे, म्हणून सुपर्बा. हाच फोटो आफ्रिकेतून आला असता तर मी ‘ग्लोरिओसा’वरच थांबलो असतो.

जुना_बीएस्सी
म्हणजे फुलापेक्षा पत्त्यावरून जाती ठरली! आणि रॉथ्सचिल्डियाना स्वतंत्र जाती म्हणून पुस्तकात होती, तिचं काय?

कातळसडा
आता बहुतेक जण तिला सुपर्बातच धरतात. मला ते पूर्ण पटत नाही. या झाडांत काहींची गुणसूत्रं 22, तर काहींची दुप्पट 44 भरतात. अशी दोन झाडं सहज संकरित होत नसतील तर त्यांना एक जाती म्हणायचं का? नुसत्या पाकळीच्या रंगावर मी वेगळी म्हणणार नाही, पण सरसकट एकत्र करणंही घाईचं वाटतं.

गच्चीवरची_बाग
माझी दोन्ही रोपं शेजारी आहेत, पण शेंग अजून एकदाही धरली नाही. यंदा ब्रशनं पराग लावून बघते.

पन्हाळ्याची_वाट
काल परत गेलो होतो. तेच फूल, आता बुडापर्यंत लाल झालंय. शेजारची कळी हिरवट पिवळी उघडली होती. पानाचं टोक कुंपणाच्या तारेला दोन वेढे घालून बसलंय, त्याचाही फोटो काढला. कंद उकरला नाही. आईला कोल्चिसीनचं सांगितलं, तर म्हणाली, “कळलावी म्हणत होते ते बाळंतपणाच्या कळांसाठी. हिच्या कंदानं कळा आणायचे.” कुळाबद्दल सरांचं मला अजून निम्मं पटतंय. माझ्या वहीत सध्या दोन्ही लिहिलंय, लिलिएसीवर एक रेघ मारून.