कात्रणाचं टेक्स्ट : फोटोओळ बातमीत घुसते त्यावर

> "गोदाघाटाच्या पुराचं जुनं कात्रण ओसीआर केलं तर फोटोखालची ओळ बातमीच्या मधेच येते, काय करू?"

अहो अख्खं कात्रण एकदम देऊच नका, ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि मथळा, फोटोओळ, प्रत्येक कॉलम असे वेगवेगळे क्रॉप करून टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्राममधून चालवा, फोटोच्या वरचा नि खालचा तुकडाही वेगळा, कारण टेसरॅक्टला कॉलम कुठे तुटला ते आपोआप नीट कळेलच असं नाही.

```
tesseract col1.png col1 -l mar --psm 6
```

psm ला ६ म्हणजे सगळा एकच ब्लॉक समज. बायलाइन एकाच ओळीची असते, तिला ७ द्या.

आता जोडताना बघा, फोटोच्या वर "पाणी दुतोंड्या मारुतीच्या" इथे तुटलं आणि फोटोखाली "कमरेपर्यंत आलं" असं सुरू झालं तर तीच बातमी, मधलं "रामकुंडावर पाहणी करताना नागरिक. (छाया : …)" ही फोटोओळ, ती शेवटी वेगळी ठेवा. वाक्य जुळत नसेल तर समजायचं तुकड्यांचा क्रम चुकलाय.

आणि "प्रतिनिधी, नाशिक" स्वतंत्र ओळीत असेल तरच बायलाइन, पहिल्या वाक्याला चिकटलेलं "नाशिक :" मात्र बातमीतच राहू द्या, बरेच जण ते उगाच उडवतात.