शब्दचर्चा: ‘रजा घेते, पणजी’ यात चुकलं काय?

परतीची_वाट: पणजीतली नोकरी सोडून महिनाअखेरीस कायमची नाशिकला जातेय. स्टेटसला टाकलं, ‘रजा घेते, पणजी’. ऑफिसातले विचारतात, किती दिवसांची? नाशिकच्या एका ओळखीच्या बाईंनी तर सांत्वनाचा मेसेज पाठवला, त्यांना वाटलं पणजी गेली! आई म्हणते ‘रजा’ अगदी बरोबर आहे. मग लोकांना कळलं का नाही?

शब्दमास्तर: आई बरोबर आहे. रजा अरबीतून आलेला, मूळ अर्थ संमती. ‘रजा घेतो’ म्हणजे ‘जायची परवानगी द्या’. पण कचेरीत रजेचा अर्ज आला आणि परवानगीपेक्षा सुट्टीच डोक्यात बसली. नोकरी सोडणाऱ्याने तो शब्द वापरला की घोळ होणारच. ‘निरोप घेते’ लिहा.

फोंड्याची_सून: निरोप घेते म्हटलं की आमच्याकडे भाषणाचा वास येतो. सरळ ‘येते’ लिही. जाताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, सासूबाई अजून दारातून परत बोलावतात.

परतीची_वाट: ‘येते’ टाकलं तर नाशिकवाले स्टेशनवर घ्यायला येतील.

शब्दमास्तर: हाच मुद्दा आहे. दारात ‘येतो’ चालतं, कारण चपला घालताना माणूस दिसतो. स्टेटस वाचणाऱ्याला तो निघतोय की पोचतोय ते दिसत नाही. म्हणून गावाला विभक्ती हवी. ‘पणजीहून निघते’ म्हटलं की दोन्ही बाजूंना कळतं, आणि पणजी आजीची आईही राहत नाही.

कोकणी_मराठी_दोनूय: कोंकणीत ‘हांव येतां’ म्हणा. बाई असो वा बाप्या, रूप तेच. नाहीतर ‘देव बरें करूं’, गोव्यात निरोपाला तेच म्हणतात.

फोंड्याची_सून: ते आभार मानायला हो. निघतानाही म्हणतात, पण पाहुणचाराचे आभार म्हणून. ख्रिस्ती शेजारीण निघताना ‘आदेवस’ म्हणते, पोर्तुगीजातला.

शुद्ध_मराठी: कोंकणी, पोर्तुगीज, अरबी झालं, आता मराठी? आणि ‘स्टेटस’ कशाला, ‘स्थिती’ म्हणा.

शब्दमास्तर: ‘स्थिती टाकली’ म्हटलं तर लोक तब्येत विचारतील.

म्हापशाचो_झील: मी ‘नोकरीला रामराम ठोकला’ टाकलेलं. साहेबाने स्क्रीनशॉट ठेवला.

शब्दमास्तर: ‘ठोकला’मध्ये राग आहे. नुसता ‘रामराम’ भेटतानाही चालतो. हिशेब मिळायचा असेल तर ठोकू नये.

फोंड्याची_सून: अगं, पण ‘निघते’ अशुभ नाही का वाटत? ‘निघून येते’ कसं?

शुद्ध_मराठी: त्यात पणजी परत येणारसं वाटतं.

परतीची_वाट: आत्तापुरतं ‘पणजीहून निघतेय, नाशिकला येतेय’ टाकलंय. चोवीस तासांत जाईलच, तोवर चर्चा चालू द्या.

म्हापशाचो_झील: पणजीतली खोली रिकामी होतेय का? भाडं किती?