अनुभव धागा: कमोडचा फ्लश मंद झाला, तेव्हा तुमच्याकडे दोष कुठे निघाला?

बोअरवेलकर
आमच्या सोसायटीत बोअरिंगचं पाणी आहे. हळूहळू कमोडचा फ्लश इतका मंद झालाय की पाणी नुसतं ओघळतं, भांड्यात फिरत नाही, दोनदा बटण दाबावं लागतं. टाकी काठोकाठ भरते. प्लंबर म्हणतो, कमोडच बदला. बदलण्याआधी जाणून घ्यायचंय की कोणाला असा त्रास झाला, कारण काय निघालं आणि ते कसं कळलं? सविस्तर लिहा.

सॅनिटरीवाला
दुकान माझं, त्यामुळे रोज हाच प्रश्न येतो. काहीही विकत घेण्याआधी बादलीने तपासा. अर्धी बादली पाणी, सात-आठ लिटर, कमरेच्या उंचीवरून एका झटक्यात भांड्यात ओता. सगळं पटकन वाहून गेलं, तर ट्रॅप म्हणजे भांड्याखालचं वळण आणि पुढची लाइन मोकळी आहे. मग दोष टाकीत किंवा कडेखालच्या भोकांत. पाणी आधी वर चढलं आणि मग सावकाश उतरलं, तर ट्रॅपमध्ये काहीतरी अर्धवट अडकलंय. पाणी आधीच वर थांबलं असेल तर मात्र ओतू नका, बाहेर येईल.

शेवंती
एवढं कशाला? टॉयलेटचं ॲसिड ओता, रात्रभर ठेवा. आमच्याकडे दर महिन्याला हेच करतो, कधी तक्रार नाही.

सॅनिटरीवाला
ताई, क्षार ॲसिडने विरघळतात हे बरोबर. पण भांड्यात ओतलेलं ॲसिड तळाशी जातं, कडेखालच्या भोकांपर्यंत पोचतच नाही. अडकलेल्या वस्तूवर त्याचा काही परिणाम नाही. आणि त्यावर ब्लीचवालं क्लीनर चुकूनही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो फार घातक.

नाशिकचा_मिलिंद
आमच्या टाकीतून दिवसभर बारीक पाणी गळत राहतं. हेच कारण का?

सॅनिटरीवाला
नाही, तो टाकीतला वॉशर. वेगळं दुखणं. पण गळतीने टाकी पूर्ण भरत नसेल, तर फ्लश कमजोर होणारच.

बोअरवेलकर
बादलीने केलं. सगळं एका दमात गेलं! म्हणजे ट्रॅप मोकळा. मग मोबाइलचा टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा कडेखाली धरून पाहिलं. पुढची भोकं उघडी, पण मागच्या बाजूची जवळजवळ सगळी पांढऱ्या-पिवळ्या थराने बुजलेली. पाणी फिरत का नाही ते तिथेच कळलं. आता हे काढायचं कसं?

आजीची_नात
आमच्याकडे हेच होतं. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली आणि कड फडक्याने कोरडी पुसली. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व विरघळवलं. टिश्यू पेपरच्या लांब गुंडाळ्या त्यात भिजवून कडेखाली दाबून बसवल्या, रात्रभर तशाच. पाणी उकळतं नको, भांड्याला तडा जाऊ शकतो. सकाळी थर मऊ झाला होता. मग प्लास्टिकचं वेष्टन असलेली जाडसर वायर एकेका भोकात फिरवली. बाहेरच्या टाकीत ओव्हरफ्लोची नळी असेल, तर लहान नरसाळ्याने तेच पाणी त्यातून सोडा, आतल्या पोकळीत पोचतं. भिंतीतल्या टाकीत ते जमवणं अवघड. हातमोजे घाला.

कोथरूडची_वहिनी
आमचं नेमकं उलट. बादली ओतल्यावर पाणी काठापर्यंत चढलं आणि सावकाश उतरलं. आधी सगळ्यांना वाटलं, फ्लशटाकीच खराब. प्लंबरने स्प्रिंगची तार घातली, ती वळणापाशी काहीतरी टणक लागून थांबायची, पण बाहेर काही येईना. शेवटी कमोड उचलला. आत प्लास्टिकचा कंगवा आडवा अडकलेला! पाणी त्याच्या बाजूने निघून जायचं, पण प्रत्येक टिश्यू दातांत गुंतून बसायचा. म्हणूनच कधी व्यवस्थित, कधी तुंबल्यासारखं व्हायचं. कमोड परत बसवताना खालचं सील नवीन घ्या, जुनं दाबलेलं पुन्हा नीट बसत नाही.

बोस्टनचा_संजू
इथल्या बऱ्याच भांड्यांत तळाशीही एक मोठं भोक असतं, त्यातूनच जोराचा मारा होऊन सायफन सुरू होतो. तेच क्षाराने अर्धं बुजलं, तर कडेची सगळी भोकं साफ असूनही फ्लश ढिला. तिथेही आरसा लावून बघा.

बोअरवेलकर
केलं, रात्रभर ठेवून. मागची भोकं बरीच उघडली, पाणी आता फिरतं. दोन भोकं अजून बंदच, परत एकदा लिंबूसत्व लावणार. @सॅनिटरीवाला, बोअरच्या पाण्यात हा थर परत बसणारच ना? दर किती दिवसांनी करावं?

सॅनिटरीवाला
बसणार. किती दिवसांनी, ते तुमच्या पाण्यावर आहे. महिन्याला आरसा लावा, थर दिसला की करा, वाट बघून दगड होऊ देऊ नका.

तिसरा_मजला
आमचं भांडं रिमलेस, भोकंच नाहीत. बादलीने सगळं नीट जातं, टाकी भरलेली, तरी फ्लश कमजोर. आणि वरच्या मजल्यावर फ्लश झाला की आमच्या भांड्यात गुडगुड होते. कोणाला असा अनुभव?

सॅनिटरीवाला
गुडगुड म्हणजे हवेच्या पाइपचा किंवा मुख्य उभ्या लाइनचा संशय. सोसायटीच्या प्लंबरकडून गच्चीवरचं तोंड आधी बघून घ्या, पक्ष्यांची घरटी सापडतात. पण कमजोर फ्लश त्यामुळेच, हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.