मदत हवी आहे : टाइल्सच्या सांधीत बसलेला रांगोळीचा गुलाबी रंग

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. लक्ष्मीपूजनाला ओसरीत मोठी रांगोळी काढली होती. दुसऱ्या दिवशी घाईत मी फडा न फिरवता थेट ओला पोछा मारला, आणि तिथंच चुकलं. भुकटी कोरडी असती तर सुपलीत भरून निघाली असती. पाणी लागताच रंग सुटला आणि पांढऱ्या सांधीत शिरला. टाइल्स चकचकीत असल्यामुळे पुसून साफ झाल्या, पण सांधीतली सिमेंट रंग पिऊन बसली आहे.

काल दाराआडच्या एका सांधीवर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप लावून रात्रभर वाळू दिला. सकाळी खरवडला तर लेपच गुलाबी झाला होता. म्हणजे रंग अजून वर येतोय. घासलं की मात्र तो बाजूला पसरतो. शेजारच्या काकू संडासचं ॲसिड टाक म्हणतात. त्यानं सिमेंटच खाल्ली जाईल, म्हणून मी हात लावला नाही.

पोरीच्या पिवळ्या सुती परकराच्या गुडघ्यालाही ओला डाग आहे. कोरडी भुकटी अंगणात झटकली. मग डागाखाली पांढरं फडकं ठेवून उलट्या बाजूनं थंड पाणी ओतलं. डाग निम्मा उतरला. ब्लीचनं पिवळा रंगही जाईल, म्हणून ते नको. इस्त्रीही केलेली नाही.

सोड्याचा लेप किती वेळा लावला की सांध पांढरी होते? आणि परकराचा उरलेला डाग कशानं काढू? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.